दहा ऑक्टोबरची पोस्ट, एकेक वाक्य घेऊन

प्रश्न: मी एका पतसंस्थेत कर्मचारी विभाग बघतो. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे म्हणून आमच्या १४० जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी खालची पोस्ट लिहिली. एका सहकारी मॅडमना दाखवली, तर त्या म्हणाल्या, "हे टाकू नका, लोक दुखावतील." हेतू चांगला आहे, मग चुकलंय काय?

"मित्रांनो, आज मानसिक आरोग्य दिन. मनोरुग्णांना वेडे समजू नका, तीही आपल्यासारखी माणसंच आहेत. आपल्याच वसुली विभागातला एक सहकारी गेल्या वर्षी डिप्रेशनचा बळी ठरला. त्याने आत्महत्येचा अयशस्वी प्रयत्नही केला. पण खंबीर मनाच्या जोरावर त्याने आजारावर मात केली. डोक्यावर परिणाम होईपर्यंत थांबू नका. मन मोकळं करा, सकारात्मक राहा!"

उत्तर:

सगळ्यात आधी तिसरं आणि चौथं वाक्य काढून टाका. बाकीचं निवांत बघू.

पतसंस्थेत वसुलीला माणसं असून असून किती असतात? आठ, दहा. त्यातलं गेल्या वर्षी दोन-अडीच महिने रजेवर कोण होतं, हे शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही नाव टाळलंत खरं, पण पत्ता लिहून दिलात. आणि ग्रुपवरची पोस्ट ग्रुपवर राहत नाही. हे गृहस्थ उद्या थकीत हप्त्यासाठी कुणाच्या दारात उभे राहतील, तेव्हा समोरच्याच्या फोनमध्ये त्याच पोस्टचा स्क्रीनशॉट असू शकतो. घरी लग्नाची मुलगी असेल, तर स्थळ बघायला आलेल्यांच्या फोनमध्येही असू शकतो.

तुम्ही म्हणाल, त्यांना विचारूनच लिहिलंय. पण विचारणारे कोण, तर रजेचा अर्ज आणि वेतनवाढीचा कागद ज्यांच्या टेबलावरून जातो ते. अशा माणसाने "तुमची गोष्ट सांगू का, चारचौघांना प्रेरणा मिळेल" असं विचारलं की नाही म्हणायला फार मोठी छाती लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. त्यात गोपनीयतेचं बंधन प्रामुख्याने उपचार करणाऱ्यांवर आहे, आणि उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांकडे जाऊ नये असंही कलम आहे. तुम्ही डॉक्टर नाही आणि तुमचा ग्रुप म्हणजे वर्तमानपत्र नाही, त्यामुळे कलमांवर बोट ठेवून मी तुम्हाला घाबरवणार नाही. पण डॉक्टरांना जे सांगायला बंदी आहे ते कर्मचारी विभागाने ग्रुपवर सांगावं, हे काही बरं दिसत नाही.

त्या सहकाऱ्यांना स्वतःहून बोलायचं असेल, तर ती वेगळी गोष्ट. माझ्याकडे असं कुणी म्हणालं की मी त्यांना घरी बसून स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगते, बायको-मुलांना वाचून दाखवायला सांगते, आणि आठवडाभर तो कागद तसाच ठेवायला सांगते. आठवड्याने पुन्हा वाचल्यावर निम्मे लोक दोन-चार ओळी गाळतात, काही जण अख्खा कागद घडी घालून ठेवून देतात. दोन्ही ठीक आहे. घरच्यांना दाखवायचं एवढ्यासाठी, की हे गुपित एकट्याचं नसतं.

आता "अयशस्वी प्रयत्न". मी चोवीस वर्षं मानसोपचार विभागात समुपदेशनाचं काम करते, त्यातली पहिली अकरा सरकारी रुग्णालयात गेली. तिथे वॉर्डात एका तरुण बाईंशेजारी बसले होते. डॉक्टरांच्या राउंडमध्ये कुणीतरी केसपेपरवरून मोठ्याने वाचलं, "अयशस्वी प्रयत्न." राउंड पुढे गेला. बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला तेही धड जमलं नाही म्हणायचं." तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडून आलेला नाही. वाचणं हे अपयश आणि मरण हे यश, असा अर्थ त्या एका विशेषणात दडलेला असतो, आणि तो नेमका त्याच माणसाला ऐकू येतो ज्याला तो ऐकू यायला नको. "आत्महत्येचा प्रयत्न केला होता, त्यातून वाचले" एवढं पुरतं. "प्रयत्न फसला" हेही नको.

"आत्महत्या" या शब्दाबद्दलच बरेच जण विचारतात, कारण त्यात "हत्या" आहे, म्हणजे गुन्हा आला. मराठीची ही अडचण खरी आहे. आणि गुन्हा तो होताही. भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली प्रयत्नाला शिक्षा होती, त्यामुळे शुद्धीवर आलेल्या माणसाच्या खाटेशी पोलीस जबाब घ्यायला उभे असत आणि घरचे "चुकून झालं" असं लिहून देत. २०१७च्या कायद्याच्या ११५व्या कलमाने हे उलटवलं. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच आता गृहीत धरायचं असतं, आणि तिला उपचार नि आधार देणं सरकारचं काम ठरतं. जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९चं जुनं कलम उरलेलंच नाही. फक्त सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

मी स्वतः "आत्महत्या" हा शब्द टाळत नाही. टाळायला गेलं की आपण "जीवनयात्रा संपवली", "मृत्यूला कवटाळलं", "टोकाचं पाऊल उचललं" अशा बातमीछाप अलंकारांकडे घसरतो, आणि त्यात मरणाला उगाच एक झळाळी येते. "आत्महत्येने मृत्यू झाला" हे कानाला थोडं परकं वाटतं, कबूल. पण ते सरळ आहे. मार्ग कोणता, जागा कोणती, चिठ्ठीत काय होतं, हे मात्र कधीही लिहायचं नाही. अशा तपशिलांमुळे आधीच काठावर असलेल्या दुसऱ्या माणसाला वाट दिसते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९मध्ये वर्तमानपत्रांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली ती याचमुळे. आणखी एक शब्दप्रयोग तुमच्या धंद्यात हटकून येतो म्हणून सांगते: "कर्जाला कंटाळून". आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचित असतं. कर्ज असतं, त्याच्या जोडीला न ओळखलेलं नैराश्य असतं, दारू असते, घरातलं भांडण असतं, अपमान असतो. "कर्जाला कंटाळून" असं लिहिलं, की कर्ज थकलेल्या दुसऱ्या माणसाला आपल्यापुढेही हाच एक रस्ता आहे असं वाटू शकतं. पतसंस्थेच्या ग्रुपवर तर हे शब्द नकोतच.

याचा अर्थ आत्महत्येचा विषयच काढायचा नाही, असा करून घेऊ नका. एखाद्या सहकाऱ्याबद्दल शंका आली तर बाजूला घेऊन स्पष्ट विचारायचं असतं: "जगणं नकोसं वाटतंय का? स्वतःला संपवावं असे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असला तर उलट बोलायला वाट मिळते. "तसलं काही मनात नाही ना?" असं मात्र विचारू नका. त्या "ना"मध्येच "नाही म्हण" अशी विनवणी असते, आणि समोरचा माणूस भिडेखातर नाही म्हणून मोकळा होतो.

पाचवं वाक्य, खंबीर मनाचं. तुम्हाला हे वाक्य सगळ्यात निरुपद्रवी वाटत असेल. मला ते सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण बाकीची वाक्यं मन दुखावतात आणि या वाक्यामुळे गोळ्या बंद होतात. एका प्राथमिक शिक्षकांची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. नैराश्यासाठी त्यांना गोळी सुरू झाली. या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काहींना सहा लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ नि अस्वस्थता तेवढी जाणवते, फायदा काहीच दिसत नाही. त्यांनी तो काळ काढला. दीड महिन्यात झोप आली, भूक आली, वर्गात आवाज पुन्हा खणखणीत निघू लागला. बरं वाटल्यावरही गोळी पुढे किमान सहा महिने चालू ठेवायची असते, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते. तिसऱ्या महिन्यात शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी सुविचार टाकला. मन खंबीर असेल तर कुठलाच आजार माणसाला हरवू शकत नाही, अशा अर्थाचा. सर मला नंतर म्हणाले, "मॅडम, मला वाटलं आपण कुबड्या वापरतोय." त्यांनी गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत होते, आणि "मीच कमी पडलो" हे एक नवं ओझं बरोबर होतं.

"मात केली" या शब्दांची अडचण हीच आहे. नैराश्याचा पहिला झटका येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पुढे कधीतरी तो पुन्हा येतो. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर पुष्कळांना वर्षानुवर्षं गोळी चालू ठेवावी लागते, आणि ती चालू ठेवूनच ते नोकरी करतात, मुलांचा अभ्यास घेतात, गणपतीत पहाटेपर्यंत आरास करत बसतात. ज्याने मात केली तो वीर ठरवला, की ज्याला पुन्हा त्रास झाला तो आपोआप हरलेला ठरतो. "बळी", "ग्रस्त", "झुंज" हे सगळे त्याच कुळातले शब्द. त्याऐवजी घडलं ते लिहा: "उपचार घेतले, बरं वाटलं, कामावर परत आले."

आता दुसऱ्या वाक्याकडे येते. "तीही आपल्यासारखी माणसंच आहेत." लिहिताना तुमचं मन स्वच्छ होतं यात मला शंका नाही. पण एक प्रयोग करा. हे वाक्य मधुमेहाबद्दल लिहून बघा. "मधुमेहींना तुच्छ समजू नका, तीही आपल्यासारखी माणसंच आहेत." हसू आलं ना? मधुमेह असलेला माणूस माणूस आहे हे सांगावं लागत नाही. सांगितलं, की शंका होती असं कळतं. मी कुठलाही मजकूर तपासताना हीच युक्ती वापरते, आजाराच्या जागी साखर घालून बघते. "खंबीर मनाने मधुमेहावर मात केली", "मधुमेहाचा बळी ठरलेला सहकारी". जे वाक्य साखरेला हास्यास्पद वाटतं ते मनाच्या आजारालाही नको. युक्ती सगळीकडे चालत नाही. उदाहरणार्थ, "मेंदूतलं रसायन कमी झालंय, बस्स, साखरेसारखंच" असं सांगत सुटू नका. नैराश्याचं कारण इतकं साधं नाही, आणि निव्वळ मेंदूचा बिघाड म्हटल्याने लोकांची भीती कमी होतेच असंही नाही.

त्या वाक्यातला दुसरा काटा म्हणजे "ती" आणि "आपण". तुमच्या मनात ती माणसं ग्रुपबाहेर कुठेतरी आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात पाहणीच्या वेळी सुमारे दहा टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. १४० जणांना तो हिशेब ढोबळपणे लावला तरी चौदा माणसं होतात. म्हणजे तुमची पोस्ट त्या लोकांबद्दल नाहीच, ती त्यांच्याच हातात पडणार आहे. कुणीतरी रात्रीची गोळी पाण्याबरोबर घेऊन फोन उघडेल आणि "मनोरुग्णांना वेडे समजू नका" हे वाचेल. तोवर त्या बिचाऱ्याला आपल्याला कुणी वेडं समजत असेल हे सुचलंही नसेल.

"मनोरुग्ण" हा शब्द कायद्याच्या कागदावर किंवा "प्रादेशिक मनोरुग्णालय" या पाटीवर ठीक आहे. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला ती जुनी चार रुग्णालयं आहेत. पण बातम्यांमध्ये "मनोरुग्णाचा हल्ला", "माथेफिरूचा धुमाकूळ" असं इतकं छापून आलंय, की त्या शब्दाला आता दगड चिकटलेत. बहुतेक वेळा त्या बातमीत निदान कुणी केलेलं नसतं. विचित्र वागला म्हणून मनोरुग्ण, एवढंच. मंडळी विनोदातही "याला येरवड्याला पाठवा" म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या एक ताई येरवड्यातच राहतात, चांगलं दोन खोल्यांचं घर आहे. नव्या ठिकाणी पत्ता सांगितला की कुणीतरी हसतंच. त्या हल्ली "विमानतळाकडे राहते" असं सांगतात.

शब्दांच्या बाबतीत आमचं खातंही धुतल्या तांदळासारखं नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आमच्या विभागाचं मराठी नाव "मनोविकृतीशास्त्र". वैद्यकीय परिभाषेत "विकृती" म्हणजे आजार, त्यात काही वावगं नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या आजी ती पाटी वाचतात आणि त्यांच्या कानात "विकृत" वाजतं. पाटी वाचून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. "छिन्नमनस्कता" हाही असाच एक शब्द. स्किझोफ्रेनियाच्या ग्रीक मुळातल्या "दुभंगलेलं मन" या अर्थाचं ते भाषांतर, आणि त्यामुळे लोकांना वाटतं की एका माणसात दोन माणसं राहतात. या आजारात तसं काही नसतं. जपानीत स्किझोफ्रेनियाचं नाव असंच "मनाच्या फाटण्याचा आजार" या अर्थाचं होतं, ते त्यांनी २००२मध्ये अधिकृतपणे बदललं. त्यानंतर तिथले डॉक्टर रुग्णाला निदान मोकळेपणाने सांगू लागले. आपल्याकडेही चांगले शब्द घडलेत. पुण्यातल्या स्वमदत गटांमध्ये आजार असलेल्या माणसाला "शुभार्थी" आणि त्याची काळजी घेणाऱ्याला "शुभंकर" म्हणतात. पार्किन्सन्सच्या मित्रमंडळातही हे शब्द रुळलेत. गटाबाहेरच्या लोकांना मात्र ते चटकन कळत नाहीत, म्हणून तुमच्या पोस्टमध्ये मी ते घालणार नाही.

मग म्हणायचं काय? इथे मराठी आपल्या मदतीला येते. आपण "ताप आला", "मला दमा आहे", "त्यांना साखर आहे" असं म्हणतो. आजार माणसाला येतो, असतो, जातो. माणूस स्वतः ताप होत नाही. "त्यांना नैराश्य आलं होतं", "तिला बायपोलर आहे", "काकांना भास व्हायचे" ही वाक्यं कुणाच्याही आजीच्या तोंडी शोभतील. "तो बायपोलर आहे", "ती डिप्रेस्ड आहे" ही वळणं अलीकडची, आणि त्यात माणूस आणि आजार एक होऊन जातात. "ला आहे" आणि "आहे" यातला फरक सांभाळलात तर निम्मं काम झालं.

उरलेल्या निम्म्यात एक गोष्ट अशी आहे जी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुमचाच मसुदा बघा. "एक सहकारी बळी ठरला", "त्याने प्रयत्न केला", "त्याने मात केली". हे गृहस्थ ऑफिसात समोर आले तर तुम्ही त्यांना "तो" म्हणता का? "साहेब" किंवा "भाऊ" म्हणत असाल, निदान "ते" तर नक्कीच. मनाचा आजार झाला की आपल्या वाक्यातलं आदरार्थी बहुवचन गळून पडतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे मी रुग्णालयात रोज ऐकलं आहे. पंचावन्न वर्षांचे मुख्याध्यापक हाडांच्या विभागात "सर, पाय कसा आहे?" असतात आणि जिना चढून आमच्या विभागात आले की "काय रे, गोळ्या घेतल्यास का?" होतात. शिवी कुणीच दिलेली नसते. फक्त "घेतल्यात"चं "घेतल्यास" झालेलं असतं. पोस्ट लिहून झाली की क्रियापदं एकदा याच नजरेने तपासा.

शब्दांनी खरंच फरक पडतो का, असं पुरुष मंडळी हटकून विचारतात. २०१०मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यसनाधीन माणसाची एकच माहिती उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना दिली होती. काहींच्या कागदावर त्या माणसाला व्यसन करणारा या अर्थाचं दूषण लावलं होतं, काहींच्या कागदावर त्याला व्यसनाचा आजार आहे असं लिहिलं होतं. पहिला कागद वाचणाऱ्यांचा कल त्या माणसाला दोषी धरण्याकडे आणि शिक्षेच्या अंगाने विचार करण्याकडे जास्त होता. हे सगळे शिकलेले, याच कामातले लोक होते. आपल्याकडचं "बेवडा" आणि "त्यांना दारूचं व्यसन आहे" हे अंतर तेवढंच आहे.

"डोक्यावर परिणाम" तर काढाच, त्याला जास्त शब्द खर्च करत नाही. मॅच हरल्यावर "डिप्रेशन आलं", टेबल नीट लावणाऱ्याला "ओसीडी आहे" हेही तसंच. ज्याचे हात दिवसातून साठ वेळा धुऊन सोलले आहेत त्याला ते ऐकवत नाही. पण "वेडी आहेस का, डबा कशाला आणलास" असं प्रेमाने म्हणणाऱ्या मावशींना मी कधी टोकत नाही, तुम्हीही टोकू नका. मराठीत "वेड" हा लाडाचाही शब्द आहे आणि त्याच्यावर पाळत ठेवत बसलात तर लोक तुमच्यासमोर बोलायचेच थांबतील. जिथे आजाराबद्दल किंवा आजारी माणसाबद्दल बोलणं चाललंय, तिथे तेवढं जपा.

राहिलं शेवटचं वाक्य. "मन मोकळं करा." कुणाकडे? कधी? त्याची नोंद कुठे होणार? नैराश्य असलेल्या माणसाला सकारात्मक राहा सांगणं म्हणजे प्लास्टरमधल्या पायाला चाल म्हणणं. ग्रुपमधल्या माणसाला प्रत्यक्षात चार गोष्टी हव्या असतात: फोन कुठे करायचा, दवाखाना कुठे आहे, रजा मिळेल का, आणि हे कुणाकुणाला कळेल. यातल्या शेवटच्या दोन तर तुमच्याच हातात आहेत. पोस्ट टाकण्याआधी व्यवस्थापकांना भेटून हे पक्कं करा, की वैद्यकीय रजेच्या अर्जावर आजाराचं नाव लिहायची सक्ती नाही आणि प्रमाणपत्र फक्त तुमच्याकडे बंद लिफाफ्यात येईल. ते मान्य नसेल तर ती ओळ पोस्टमध्ये घालू नका. न पाळलेलं आश्वासन पोस्ट न टाकण्यापेक्षा वाईट.

फोनसाठी टेलिमानस आहे. केंद्र सरकारने २०२२च्या १० ऑक्टोबरलाच सुरू केलेली मोफत सेवा, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे डॉक्टरांशी जोडून देतात. क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहा, कीपॅडवर दिसतो तसा: 14416. टाकण्याआधी स्वतः एकदा लावून बघा, म्हणजे पलीकडून पहिल्यांदा काय ऐकू येतं ते लोकांना सांगता येईल.

मी असं काहीसं लिहिलं असतं:

"नमस्कार मंडळी. आज जागतिक मानसिक आरोग्य दिन. झोप उडणं, कशातच मन न लागणं, सतत धास्ती वाटणं, चिडचिड वाढणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि रोजच्या कामावर परिणाम होऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवावं. या आजारांवर उपचार आहेत आणि गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्यातले काही जण असे उपचार घेत असतील. गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आत्ताच फोन करा किंवा जवळच्या माणसाला सांगा. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी आहे. उपचारांसाठी रजा हवी असल्यास मला एकट्याला भेटा किंवा फोन करा. अर्जावर आजाराचं नाव लिहायची गरज नाही आणि प्रमाणपत्र माझ्याशिवाय कुणी पाहणार नाही."

खाली स्वतःचं नाव आणि नंबर घाला. ओपीडीचे वार नि वेळ आधी चौकशी करून भरा, कारण दर जिल्ह्यात ते वेगळे असतात. सोबत डोकं धरून अंधारात बसलेल्या माणसाचं चित्र जोडू नका. चित्र नसलं तरी चालतं.

पोस्ट सकाळी टाका, रात्री नको, म्हणजे कुणी फोन केला तर तुम्ही जागे असाल. दहा-बारा हात जोडलेले येतील, एखादा "आमच्या शाखाधिकाऱ्यांनाच गरज आहे" असं लिहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी चित्रं टाकेल. त्याला ग्रुपवर झापू नका, वाद रंगला की बाकीचे तोच वाचत बसतील. ती ओळ काढून टाका आणि त्याला वेगळा फोन करून सांगा. तुम्हाला प्रतिसाद ग्रुपवर मिळणारच नाही. मिळाला तर तो चार-पाच दिवसांनी, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये मिळेल, आणि सुरुवात "माझ्या एका मित्राला…" अशी होईल. मित्र कोण ते विचारू नका.

आणि तो जुना मसुदा फोनमधून पुसा. ज्या मॅडमना पाठवलात त्यांनाही पुसायला सांगा, आणि त्यांचे आभार माना.